फळ्याच्या कोपऱ्यातली ‘बोलणाऱ्यांची नावे’

प्रश्न: माझी मुलगी चौथीत आहे, पुण्यातच, शाळा चांगली आहे. घरी धाकट्या भावाला आणि बाहुल्यांना बसवून शाळा-शाळा खेळते, पण शिकवत काहीच नाही, नुसती ‘बोलणाऱ्यांची नावे’ लिहिते आणि नावांपुढे फुल्या मारत बसते. टीचरना विचारलं तर म्हणाल्या, आम्ही असलं काही शिकवत नाही. हिडन करिक्युलम म्हणतात ते हेच का? आणि कुणी शिकवत नसताना मूल हे शिकतं कसं?

हो, हेच. आणि टीचर तुमच्याशी खोटं बोलत नाहीयेत हे आधी सांगते. त्यांनी खरंच हे शिकवलेलं नाही, त्यांच्या टाचणवहीत असा पाठ सापडणार नाही, त्या गणित आणि परिसर अभ्यास शिकवतात आणि बहुतेक चांगलंच शिकवत असतील. मी चौदा वर्षं प्राथमिकला शिकवलं आणि त्यानंतर पंधरा वर्षं शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम करतेय, त्यात माझा बराच वेळ पुणे शहरातल्या आणि हवेली-मुळशीकडच्या वर्गांमध्ये शेवटच्या बाकावर वही घेऊन बसण्यात गेलाय. तुमच्या मुलीचा खेळ मी नक्की ओळखते कारण तो मी प्रत्यक्ष वर्गात शेकडो वेळा बघितलाय, आणि शिकवत होते तेव्हा माझ्याही वर्गात तो चालायचा.

शाळेत कुणी ठरवून शिकवत नाही, पण रोजच्या पद्धतींमधून मूल जे शिकतं, त्याला बीएडच्या पुस्तकात ‘छुपा अभ्यासक्रम’ म्हणतात. हा शब्द 1968 मध्ये फिलिप जॅक्सन नावाच्या शिकागो विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी वापरला. त्यांनी केलं काय, तर प्राथमिक शाळेच्या वर्गांमध्ये जाऊन नुसते बसले आणि शिकवणं सोडून बाकी काय काय घडतं ते बघितलं. त्यांच्या लक्षात आलं की प्राथमिकची शिक्षिका दिवसाला हजारभर वेळा कुणा ना कुणाशी काहीतरी बोलते, देते, थांबवते, आणि मुलाचा दिवस मुख्यतः वाट बघण्यात जातो. नंबर येण्याची वाट, वही तपासून मिळण्याची, पाण्याला जायची. जॅक्सन म्हणाले की वर्गात तीन गोष्टींशी जुळवून घ्यावं लागतं, गर्दी, सतत होणारं मूल्यमापन आणि मोठ्यांची सत्ता, आणि ज्याला हे जमलं तो शाळेत टिकतो. पुढे बऱ्याच जणांनी यावर लिहिलं, कुणी कारखान्याशी नातं जोडलं, कुणी जातीशी, कुणी मुलगा-मुलगी भेदाशी. ते सगळं महत्त्वाचं आहे पण मी तुमच्या मुलीच्या फळ्यावरच थांबते, कारण त्या एका कोपऱ्यात जवळजवळ सगळं दिसतं.

आता आपल्याकडचा फळा आठवा. वर मधोमध सुविचार, तो रोज बदलतो. डाव्या बाजूला वार-दिनांक, विषय. एका कोपऱ्यात पट आणि हजर संख्या, मुले किती मुली किती. आणि उजव्या कोपऱ्यात, बाई वर्गाबाहेर गेल्या की, एक उभी रेघ मारून ‘बोलणाऱ्यांची नावे’. सुविचार असतो समजा ‘नेहमी खरे बोलावे’. तो सकाळी परिपाठाच्या वेळी एकदा वाचला जातो, त्यावर दिवसभरात कुणी काही करत नाही, तो पाळला म्हणून काही होत नाही आणि मोडला म्हणूनही नाही. नावांचा कोपरा बघा. तो दिवसातून दोन-तीन वेळा भरतो. त्यात मूल नुसतं ऐकत नाही तर स्वतः भाग घेतं, घाबरतं, डोळे वटारतं, विनवण्या करतं, सुटतं किंवा अडकतं. शेवटी परिणाम होतो, उभं राहावं लागतं किंवा ग्राउंडचा तास जातो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे यातलं काही कुणी शब्दात सांगत नाही. बाई म्हणाल्या असत्या की ‘मुलांनो, ज्याच्या हातात खडू तो ठरवेल तेच खरं’, तर कुणीतरी हात वर करून म्हणालं असतं, असं का? न बोललेल्या गोष्टीवर वाद घालता येत नाही, ती नुसती अंगवळणी पडते. तुमच्या ‘कसं शिकतं’ या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. रोज होतं, स्वतः करावं लागतं, त्याचे परिणाम भोगावे लागतात आणि त्यावर चर्चा कधीच होत नाही, या चार गोष्टी एकत्र आल्या की ते पाठ होतं, मग ते कुणी ठरवलेलं असो वा नसो.

एक वर्ग सविस्तर सांगते. शहरातलीच एक मराठी माध्यमाची शाळा, पाचवी, बावन्न मुलं. मुख्याध्यापिकांनी बोलावलं कारण त्या वर्गात भांडणं फार होती, चहाड्या फार होत्या, दर मधल्या सुट्टीनंतर कुणीतरी ‘बाई ह्याने असं केलं’ घेऊन उभं. त्यांना वाटत होतं मुलंच तशी आहेत, आजूबाजूच्या वस्तीचा परिणाम आहे. मी जुलैत चार दिवस सलग मागे बसले. पहिल्या दिवशी मुलं माझ्याकडे वळून वळून बघत होती, दुसऱ्या दिवसापासून विसरली.

वर्गशिक्षिका मनापासून शिकवणाऱ्या होत्या. पण चार दिवसांत नऊ वेळा त्यांना वर्ग सोडून जावं लागलं. एकदा पोषण आहाराची आकडेवारी मोबाईलवर भरायला, एकदा ऑफिसमधून निरोप आला की अमुक माहिती आत्ताच्या आत्ता हवी, एकदा पालक आले, एकदा शेजारच्या वर्गावर कुणी नव्हतं म्हणून. सगळ्यात कमी तीन मिनिटं, सगळ्यात जास्त बावीस. जाताना प्रत्येक वेळी एकच वाक्य, ‘मॉनिटर, नावं लिही गं’. मी वहीत तीन रकाने केले, कुणाचं नाव लागलं, ते मूल तेव्हा काय करत होतं, आणि बाई परत आल्यावर काय झालं.

चार दिवसांत एकाहत्तर वेळा नाव लागलं. पण मुलं मोजली तर सतराच. त्यातल्या सहा मुलांच्या नावावर चव्वेचाळीस, बाकी अकरा जणांत उरलेली, आणि पस्तीस मुलांचं नाव एकदाही लागलं नाही. ती पस्तीस मुलं मुकी होती का? अजिबात नाही, मी ऐकत होते ना. पुढच्या दोन बाकांवरच्या मुली अखंड कुजबुजत होत्या, पण त्या मॉनिटरच्या बरोबर डबा खायच्या. नावं लागणारी सहा मुलं मागे बसणारी, ज्यांची नावं जूनपासून लागत होती आणि म्हणून पुन्हा लागत होती. त्यातल्या एका मुलाचं नाव तर बाई दाराबाहेर पडताच, त्याने तोंड उघडायच्या आधी लिहिलं गेलं. त्याने फळ्याकडे बघितलं, खांदे उडवले, आणि मग खरंच बोलायला सुरुवात केली. नाव लागलंच आहे तर गप्प बसून काय मिळणार, हा त्याचा हिशोब, आणि हिशोब बरोबर होता.

आता दुसरा रकाना. एकाहत्तरपैकी चाळीस वेळा मला नीट ऐकू आलं की मूल नेमकं काय बोलत होतं. त्यातली तेवीस बोलणी कामाची होती. कुठलं पान, रबर दे, हे भागाकारात शून्य का घ्यायचं. एक मुलगी शेजारणीला अपूर्णांक समजावत होती आणि खूप छान समजावत होती, भाकरीचे चार तुकडे वगैरे, तिच्या नावापुढे दोन फुल्या. (हे एका वर्गाचे आकडे आहेत, दुसऱ्या वर्गात वेगळे येतील, तुमच्या मुलीच्या शाळेला ते लावू नका.)

आणि तिसरा रकाना, जो मला अजूनही टोचतो. बाई परत आल्या की विचारायच्या, ‘किती नावं?’ नऊच्या नऊ वेळा हाच प्रश्न. काय बोलत होतात, हे एकदाही विचारलं गेलं नाही. अपूर्णांकवाली मुलगी उभी राहिली आणि तिने सांगायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. दहा वर्षांच्या मुलीला माहीत होतं की इथे बाजू मांडायची सोय नाही. त्या दिवसानंतर मी होते तोपर्यंत तिने शेजारणीला काही समजावलं नाही, शेजारणीने विचारलं तेव्हा तिने वहीवर हात आडवा धरला.

आता तुम्हीच बघा या वर्गात काय शिकून होतंय. बोलणं हाच गुन्हा, मग ते काहीही असो. शेजाऱ्याला मदत करणं धोक्याचं. नियम सगळ्यांना सारखा नसतो, खडू कुणाच्या हातात त्यावर आहे, तेव्हा खडूवाल्याशी जमवून घ्यावं. नाव पुसून घेण्याचा भाव होता तिथे, खरंच होता, अर्धी चिक्की किंवा सुवासिक रबर, आणि सगळ्या वर्गाला तो माहीत होता, फक्त बाईंना नाही. आणि वर जाऊन सांगणं म्हणजे चांगलं मूल असणं. मुख्याध्यापिकांना ज्या चहाड्यांचा वैताग आला होता त्या चहाड्यांचा सराव शाळाच दिवसातून दोन-तीनदा करून घेत होती. मुलं तेच मधल्या सुट्टीत वापरत होती, इतकंच.

मॉनिटर मुलीबद्दल बोलायला हवं कारण तुमची मुलगी खेळात तीच भूमिका घेते. ही पाचवीतली मुलगी अभ्यासात पुढे, शांत, घरी कौतुक. मी तिच्याशी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बोलले. तिने मला अगदी सरळ सांगितलं की तिच्या रिक्षातून येणाऱ्या दोघांची नावं ती लिहीत नाही, कारण एकदा लिहिली होती तर रिक्षाकाकांनी उतरवेपर्यंत कुणी तिच्याशी बोललं नाही. आणि अजिबात नावं लिहिली नाहीत तर बाई म्हणतात, तुझं लक्ष नव्हतं का? मग ती काय करते, तर ज्यांची नावं लिहिल्याने काही बिघडत नाही त्यांची लिहिते. म्हणजे मागचे सहा. दहा वर्षांच्या मुलीने हे सगळं एकटीने जुळवून काढलं होतं, आणि त्यात तिचं काही चुकलं असं मला म्हणवत नाही. तिला आपण असं काम दिलं जे मोठ्या माणसालाही न्यायाने करता येत नाही. पन्नास मुलांमधून कोण बोललं हे वर्गाकडे अर्धी पाठ करून उभ्या असलेल्या मुलीला दिसतच नाही, तिला दिसतं ते तिला आधीपासून माहीत असलेलं.

हा मॉनिटर मुळात आला कुठून, हेही सांगते कारण माझ्या प्रशिक्षणातल्या शिक्षकांना ते ऐकून नेहमी आश्चर्य वाटतं. अँड्र्यू बेल नावाचा पाद्री 1789 मध्ये मद्रासच्या एका अनाथ मुलांच्या शाळेत देखरेखीला होता, शिक्षक कमी होते. त्याने जवळच्या गावठी शाळेत मुलं वाळूत अक्षरं काढून एकमेकांकडून शिकताना बघितली आणि आपल्या शाळेत तेच सुरू केलं, मोठ्या मुलाने लहानाला शिकवायचं. 1797 मध्ये त्याने इंग्लंडमध्ये ते छापलं आणि ‘मद्रास पद्धत’ म्हणून ते गाजलं. त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरने मॉनिटर लावून शेकडो मुलांची एक शाळा चालवली, तो छडीच्या विरोधात होता पण त्याच्या शाळेत चारचौघात लाज आणणाऱ्या शिक्षा मात्र होत्या. म्हणजे मॉनिटरची मूळ कल्पना आपल्याच मुलांकडून उचललेली, एका मुलाने दुसऱ्याला शिकवायचं. दोनशे वर्षांत त्यातलं शिकवणं गळून पडलं आणि पहारा तेवढा उरला, आणि आज जी मुलगी खरोखर मॉनिटरचं मूळ काम करत होती, शेजारणीला अपूर्णांक शिकवत होती, तिचंच नाव मॉनिटरने फळ्यावर लिहिलं.

वयाचाही मुद्दा आहे. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने 1930 च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये मुलांना गोट्या खेळताना बघून त्यांच्याशी नियमांबद्दल बोलणी केली होती. लहान मुलं म्हणायची की नियम मोठ्यांनी केलेत, ते बदलताच येत नाहीत. साधारण दहा-अकराच्या आसपासची मुलं म्हणू लागायची की सगळ्यांना मान्य असेल तर बदलू शकतो. हा बदल मोठ्यांच्या सांगण्याने होत नाही, बरोबरीच्या मुलांशी खेळताना, भांडताना, ‘हे चीटिंग आहे’ म्हणताना होतो, असं त्याचं म्हणणं. तुमची मुलगी नेमकी त्या वाटेवर आहे, नऊ-दहा वर्षांची. या वयात बरोबरीच्या मुलांमधून एकाला उचलून बाईंची सत्ता उसनी दिली की ज्या नात्यातून न्याय शिकायचा ते नातंच बरोबरीचं राहत नाही. म्हणून मला चौथी-पाचवीतला हा कोपरा पहिलीतल्यापेक्षा जास्त खुपतो.

आता त्या वर्गात आम्ही काय बदललं आणि काय फसलं. बाईंना मी रकाने दाखवले तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, ‘पण ताई, मला जावं तर लागतंच, मग मी काय करू?’ अगदी योग्य प्रश्न. नुसतं ‘नावं लिहिणं बंद करा’ सांगून उपयोग नसतो कारण त्या रेघेमागे खरी अडचण आहे, बावन्न मुलं आणि बाई बाहेर. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय, पण वर्गात बावन्न बसलेली असतात ही वस्तुस्थिती आहे.

तर आम्ही फळ्याचा तोच कोपरा ठेवला, मथळा बदलला. ‘बोलणाऱ्यांची नावे’च्या जागी ‘कुठे अडलंय’. बाई जाताना चार उदाहरणं किंवा एक उतारा देऊन जायच्या, शेजाऱ्याशी कुजबुजून बोलायला परवानगी, आणि दोघांनाही जमलं नाही तर उठून कोपऱ्यात लिहायचं. बाई परत आल्या की ‘किती नावं’ऐवजी त्या कोपऱ्यापासून सुरुवात करायच्या. मॉनिटरचं काम तोडून वाटलं, खडू-डस्टर एकाकडे, वह्या गोळा करणं दुसऱ्याकडे, शेजारच्या बाईंना निरोप देणं तिसऱ्याकडे, हजेरी क्रमांकाने दर आठवड्याला बदलायचं. कुणाबद्दल वर सांगण्याचं काम कुणालाच नाही. फक्त कुणाला लागलं, कुणी रडतंय, मारामारी झाली तर कुणीही लगेच शेजारच्या वर्गात जाऊन सांगायचं. हा फरक मुलांना स्पष्ट शब्दात सांगावा लागतो, मदत आणायला सांगणं वेगळं आणि कुणाला अडकवायला सांगणं वेगळं, नाहीतर काही मुलं खरोखरची दुखापतसुद्धा लपवायला लागतात.

पहिला आठवडा वाईट गेला. आवाज इतका की शेजारच्या वर्गातल्या सरांनी दोनदा तक्रार केली. मॉनिटर मुलीचे वडील भेटायला आले, तिचं पद का काढलं, तिचं काही चुकलं का, आणि ते बिचारे खरंच काळजीत होते. मुलांनी वहीच्या मागच्या पानावर चोरून नावं लिहिणं सुरू केलं, बाईंना दाखवायला नाही, आपापसात, सवय लागली होती ना. दुसऱ्या आठवड्यात वेगळंच झालं, ‘कुठे अडलंय’मध्ये जो आपलं नाव लिहील त्याला ‘ढ’ म्हणायला लागले. म्हणजे नवा कोपरासुद्धा जुन्याच कामाला जुंपला गेला. हे होणारच होतं आणि ते मला आधी सुचायला हवं होतं. मग नावं लिहिणंच बंद केलं, फक्त उदाहरणाचा नंबर लिहायचा, आणि दुसऱ्यालाही तेच अडलं असेल तर नंबरापुढे रेघ मारायची. तिसऱ्या उदाहरणापुढे पंधरा रेघा दिसल्या की कुणी ढ राहत नाही, आणि बाईंनाही कळतं की काय पुन्हा शिकवायचंय. बाई मला म्हणाल्या की एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना वर्गात येताक्षणी कळतंय कुठून सुरू करायचं.

बदल झाला की नाही हे कसं ओळखायचं, यासाठी मी एक साधी खूण वापरते, तीच तुम्हालाही उपयोगी पडेल. दार उघडल्यावर काय होतं ते बघायचं. जुलैमध्ये बाईंचं पाऊल दारात पडलं की वर्ग क्षणात चिडीचूप व्हायचा, नळ बंद केल्यासारखा. बऱ्याच जणांना ती शिस्त वाटते. मला ती शांतता मोठ्या माणसाला दिलेली वाटते, कामासाठी नाही, कारण माणूस गेला की शांतताही जाते. ऑगस्टच्या शेवटी मी पुन्हा गेले तेव्हा दार उघडल्यावर बोलणं थोडंसं खाली आलं, पण चालू राहिलं. दोन मुली भांडत होत्या की उत्तर साडेतीन का साडेचार, आणि बाई आत आल्या तरी त्या थांबल्या नाहीत. उलट बाईंनाच ओढलं त्यात.

यातून सगळं सुटलं असं अजिबात समजू नका. भांडणं कमी झाली, थांबली नाहीत. चहाड्या बऱ्याच कमी झाल्या. मागच्या सहा मुलांपैकी चार जण वर्गात मिसळले, दोघांचं काही वेगळं होतं, एकाला दूरचं दिसत नव्हतं हे नंतर डोळे तपासल्यावर कळलं, तो सारखा शेजाऱ्याला विचारायचा फळ्यावर काय लिहिलंय, आणि त्यासाठी जूनपासून त्याचं नाव फळ्यावर. आणि पुढच्या वर्षी ती मुलं सहावीत गेली, तिथे नवे शिक्षक, पहिल्याच आठवड्यात रेघ परत आली. एका वर्गातली सवय एका वर्गापुरतीच असते, जोपर्यंत शाळा म्हणून शिक्षक एकत्र बसून ठरवत नाहीत, आणि वर्ग सोडून आकडे भरायला जायची वेळ कमी होत नाही तोपर्यंत ती परत परत येते. शाळेने ती माहिती सुट्टीनंतर भरायची सोय केली असती तर माझ्या मते अर्धं काम तिथेच झालं असतं.

न ठरवता शिकवलं जाणारं सगळं वाईटच असतं असंही नाही बरं का. त्याच शाळेत पोषण आहाराची रांग होती, सगळी मुलं एका ओळीत मांडी घालून, वाढणारी मुलं शेवटी बसणार, त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवलेलं असणार. तेही कुणी पाठ म्हणून शिकवलं नव्हतं, एका मावशींनी लावलेली पद्धत होती. त्या मुलांना खाऊ वाटायला द्या, बघा कशी आपोआप शेवटी घेतात.

आता तुमच्याबद्दल. टीचरना ‘तुम्ही असं का शिकवता’ विचारू नका, त्या म्हणणार आम्ही शिकवत नाही, आणि ते खरंच आहे. त्यापेक्षा पालकसभेला नाही, एकट्या भेटून विचारा, ‘तुम्हाला वर्ग सोडून जावं लागतं तेव्हा मुलं काय करतात?’ या प्रश्नात आरोप नाही आणि उत्तरात सगळं येतं. त्यांनी सांगितलं की मॉनिटर नावं लिहिते, तर पुढचा एकच प्रश्न, ‘नाव लागलेल्या मुलाला सांगायची संधी मिळते का?’ बऱ्याच शिक्षिका इथे स्वतःच थांबून विचार करतात असा माझा अनुभव आहे. शिक्षा म्हणून ग्राउंडचा तास किंवा डबा काढून घेतला जात असेल, मुलांना रोज उभं करून हसं केलं जात असेल, तर मग मुख्याध्यापकांकडे जा, शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमात मारण्याबरोबर मानसिक त्रासालाही बंदी आहे. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तसं दिसत नाही, नेहमीची सवय दिसतेय.

मुलीला ‘नावं लिहिणं वाईट असतं’ असं समजावत बसू नका. तिच्यासाठी ते वाईट नाहीये, तिने बघितलेलं शाळेतलं सगळ्यात ताकदीचं काम ते आहे, आणि ती ते खेळून बघतेय, खेळ त्यासाठीच असतो. कदाचित तिचं स्वतःचं नाव लागत असेल आणि ती घरी खडूच्या बाजूला उभी राहून बघत असेल, हेही शक्य आहे, मी अशी मुलं पाहिली आहेत. तुम्ही खेळात शिरा. भावाच्या शेजारी मांडी घालून बसा आणि त्याला काहीतरी खरं समजावायला लागा, सात अधिक पाच वगैरे. तुमचं नाव फळ्यावर लागेल. मग हात वर करा आणि विचारा, ‘बाई, मी काय बोलत होते ते तुम्ही विचारणार नाही का?’

आणि मग घाई करू नका, गप्प बसा. ती काय करते ते बघा. काही मुलं चिडून दुसरी फुली मारतात, काही हसतात, एका मुलीने आईला सांगितलं, ‘असं विचारत नसतात गं शाळेत.’ ती जे उत्तर देईल ते मला कळवा, मग पुढे काय करायचं ते आपण तिच्याच उत्तरावरून ठरवू.